कपाशीवरच्या ठिपक्यांचे फोटो कृषी अधिकाऱ्यांना पाठवताय? पत्रात या चुका टाळा

"साहेब, पऱ्हाटीवर रोग आला आहे, फोटो जोडले आहेत, औषध सांगा." तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाणारी बरीच पत्रं अशीच असतात. सोबत भर दुपारी काढलेले, एकाच पानाचे चार फोटो. त्यावरून कोणी काय सांगावं?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पान उलटून न पाहणं. दहिया आणि जिवाणूजन्य करपा, दोन्हींचे ठिपके शिरांमध्ये अडकून कोनदार होतात आणि वरून पाहिलं तर सहज गल्लत होते. पानाच्या खालच्या बाजूला पांढरट भुकटी दिसली तर दहियाचा संशय घ्यायचा. भुकटी नसून ठिपका तेलकट, पाण्यात भिजल्यासारखा असेल आणि पान उजेडासमोर धरल्यावर त्यातून उजेड झिरपत असेल, तर करप्याचा. दहिया बुरशीचा, करपा जिवाणूचा. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक करप्यावर मारलं तर पैसे गेलेच समजा. म्हणून एकाच पानाचे वरून आणि खालून असे दोन फोटो हवेत, तेही सावलीत, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून.

दुसरी चूक, पत्रात लक्षणाऐवजी रोगाचं नाव लिहिणं. "लाल्या आला" असं लिहिलं की वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं. पानाच्या कडा लाल होऊन खाली वळल्या असतील तर ते तुडतुड्यांचंही काम असू शकतं. जे दिसतं तेवढंच लिहा:

"जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली लागवड, काळी जमीन, कोरडवाहू. ठिपके आधी खालच्या पानांवर आले, शेंड्याकडे अजून नाहीत. धुऱ्यालगतच्या तासांत जास्त. फोटो १: पानाची वरची बाजू, फिकट पिवळे कोनदार ठिपके. फोटो २: त्याच पानाची खालची बाजू, पांढरी भुकटी, बोटाला लागते. फोटो ३: पूर्ण झाड. फोटो ४: शेताचा तो भाग. आठ दिवसांपूर्वी तुडतुड्यांसाठी फवारणी केली, त्याआधी त्याच पंपाने तणनाशक मारलं होतं."

शेवटचं वाक्य लोक हमखास गाळतात. साहेब रागावतील म्हणून असेल कदाचित. पण तणनाशकाचा अंश पंपात राहिला किंवा वाऱ्याने शेजारून उडून आला तरी पानावर डाग पडतात, आणि धुऱ्याकडच्या तासांतच ते जास्त असतील तर ही शंका आधी तपासावी लागते. फवारलेल्या सगळ्या औषधांची नावं डब्यावर वाचून लिहा.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. साधा पाठवला तर आकार कमी होतो आणि मोठा करून पाहताना बारकावे पुसट होतात.

गोल, तपकिरी, एकात एक कडी असलेले ठिपके अल्टरनेरियाचे असू शकतात, पण तसेच दिसणारे इतरही बुरशीजन्य ठिपके आहेत. अशा वेळी फोटोवर भागत नाही, पानं द्यावी लागतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आत घाम सुटून पानं कुजतात आणि त्यावर वेगळीच बुरशी चढते. ठिपके नुकतेच दिसू लागलेली आणि पुरती डागाळलेली, अशी दोन्ही तऱ्हेची पानं वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.