नवरीला प्रिव्ह्यू दाखवायचा तर आधी बुबुळ मोजा

ब्रायडल मेकअपमध्ये नव्याने येणाऱ्या मुली हल्ली मला सगळ्यात जास्त हेच विचारतात, की ताई नवरीचा फोटो घेऊन त्यावर मेकअप दागिने चढवून आधी दाखवता येतं ना, मग आम्ही ते कसं करायचं. मी नाशिकमध्ये ब्रायडलची कामं घेते आणि प्रिव्ह्यू आता प्रत्येक नवरीला देते, पण सुरुवातीला माझी एक मोठी चूक झाली होती, ती आधी सांगते.

पंचवटीतली एक नवरी होती, गव्हाळ रंग, गालावर पिंपल्स. तिने पाठवलेला सेल्फी मी एका एआय ॲपमध्ये टाकला आणि महाराष्ट्रीयन नवरी कर म्हणून लिहिलं. दोन मिनिटात इतका सुंदर फोटो आला की मी तो तसाच पाठवून दिला. लग्नाच्या सकाळी तिची आई तोच फोटो मोबाईलवर उघडून माझ्या बाजूला उभी, आणि मेकअप पूर्ण झाल्यावर म्हणाली, "अगं पण हिचे गाल असे गुळगुळीत का नाही दिसत?" नवरी काहीच बोलली नाही, नुसती आरशात बघत राहिली, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं. मेकअप चांगलाच झाला होता, पण मी तिला दुसऱ्याच मुलीचा चेहरा दाखवून ठेवला होता.

घरी येऊन मूळ फोटो आणि प्रिव्ह्यू एकावर एक ठेवून पाहिले. नाक बारीक झालेलं, रंग दोन शेड उजळ, हनुवटीजवळचा तीळ गायब, आणि नथ उजव्या नाकपुडीत. नथीचं कारण साधं होतं, बऱ्याच फोनमध्ये सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह होतो, आणि आपली नथ तर डावीकडे. गळ्यात ठुशीऐवजी कुंदनचा जाड हार होता आणि कपाळावर माथापट्टी आली होती. या ॲपना नवरी म्हटलं की असंच काहीतरी सुचतं, तन्मणी, चिंचपेटी, मुंडावळ्या हे नीट जमतच नाही.

तेव्हापासून फोटोच वेगळा घेते. सेल्फी नको, दुसऱ्या कोणीतरी मागच्या कॅमेऱ्याने साधारण दीड मीटरवरून दोनपट झूम करून काढायचा, कारण फोन जवळ धरला की नाक आहे त्यापेक्षा मोठं येतं आणि कान मागे जातात. सकाळी खिडकीसमोर उभं राहायचं, घरातले दिवे बंद, ब्युटी मोड बंद, केस मागे, आणि हनुवटीखाली एक पांढरा कागद धरायचा. कागद फोटोत पिवळट दिसला तर त्वचेचा रंगही पिवळटच आलेला असणार, मग आधी कागद पांढरा होईपर्यंत रंग दुरुस्त करायचा आणि त्यानंतरच शेडचा विचार करायचा. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर दाबून लहान होऊन येतो.

आता दागिन्यांचं, कारण खरा उपयोग इथेच आहे. ॲपला दागिने बनवायला सांगू नका. नवरीचे जे खरे दागिने आहेत, आजीची नथ, सराफ बाजारातून आणलेली ठुशी, ते साध्या कापडावर ठेवून वरून सरळ फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, कापून घ्या आणि चेहऱ्यावर वेगळा लेअर म्हणून बसवा. अडचण साईझची येते. अंदाजाने बसवली की नथ हमखास लहान, नाजूक होते, कारण आपल्या डोळ्याला तीच छान वाटते.

यावर मला बुबुळाचा उपाय सापडला. मोठ्या माणसाच्या बुबुळाची, म्हणजे डोळ्यातल्या काळ्या तपकिरी गोलाची, आडवी रुंदी जवळपास सगळ्यांची सारखीच असते, साधारण 11.7 मिमी, म्हणजे फोटोत पट्टी आधीच आहे. नंतर आलेल्या एका नवरीचं उदाहरण देते. तिच्या फोटोत बुबुळ 59 पिक्सेल रुंद आलं, 59 भागिले 11.7 म्हणजे एका मिमीला जवळपास 5 पिक्सेल. तिच्या आजीची मोत्याची नथ पट्टीवर 32 मिमी रुंद होती, म्हणजे फोटोत ती 160 पिक्सेल हवी, आणि मी आधी नजरेने बसवलेली मोजली तर 95 भरली, म्हणजे फक्त 19 मिमीची! बरोबर साईझला आणल्यावर नथीने वरच्या ओठाचा डावा भाग जवळजवळ झाकला. नवरी लगेच म्हणाली, ताई एवढी मोठी नको, जेवायचं कसं. हे लग्नाच्या सकाळी नाही, दीड महिना आधी कळलं, आणि तिने लहान नथ बघायला सुरुवात केली. गळ्यातल्या दागिन्याला हे माप थोडं ढिलं लागू होतं, मान डोळ्यांपेक्षा मागे असते, पण ठुशी गळ्याला चिकटून बसणार की खाली उतरणार हे तरी कळतं.

मेकअपसाठी पूर्ण चेहरा ॲपच्या हाती द्यायचा नाही. फक्त पापण्या, ओठ आणि गाल सिलेक्ट करायचे आणि तेवढ्यातच रंग बदलायचा, बाकी त्वचेला हात लावायचा नाही. झाल्यावर मूळ फोटोचा लेअर चालू-बंद करून बघा, नाकाचा काठ, जबडा, तीळ यातलं काहीही हललं तर तो प्रिव्ह्यू टाकून द्या. मी टाकून देते, कितीही सुंदर आला तरी.

त्वचेबद्दल मात्र नवरीला तोंडाने सांगावंच लागतं. मी असं सांगते, की कन्सीलर पिंपलचा लालपणा झाकतो, उंचवटा झाकत नाही, बाजूने प्रकाश आला की तो दिसणारच. फाउंडेशनची शेड मोबाईलवरून ठरत नाही, ती जबड्याजवळ लावून बाहेर उजेडात जाऊन बघायची. फ्लॅशमध्ये काय होईल हेही फोटोवरून समजत नाही, सिलिका असलेली पांढरी पावडर जास्त झाली तर आरशात छान दिसणारा चेहरा फ्लॅशच्या फोटोत पांढरा पडतो, म्हणून ट्रायलला फ्लॅश मारून एक फोटो काढतेच. आणि मे महिन्यात लॉनवर लग्न असेल तर घाम येणार, ते कुठल्याच फोटोत दिसत नाही.

प्रत्येक प्रिव्ह्यूच्या खाली मी आता एक ओळ लिहिते, "नथीचा आकार, टिकली आणि लिपस्टिकचा रंग ठरवण्यासाठी, त्वचा अशी दिसणार नाही." आईलाही तोच फोटो त्या ओळीसकट पाठवायचा, कापून नाही. नवरीच्या परवानगीशिवाय तो माझ्या पेजवर टाकत नाही.

त्या नथवाल्या नवरीची ट्रायल गंगापूर रोडला तिच्या घरी गॅलरीत केली. नाक टोचलेलं नव्हतं म्हणून दाबाची नथ, 22 मिमीची. प्रिव्ह्यूत ती अगदी जागेवर होती, खरी मात्र अर्ध्या तासात घसरली, कारण मी खाली प्राइमर लावला होता. पुसून तेवढी जागा कोरडी ठेवली, नुसती पावडर लावली, मग चार तास टिकली. मरून लिपस्टिक प्रिव्ह्यूत तिला आवडली होती, पण हिरव्या पैठणीशेजारी उजेडात खूप गडद वाटली, मग विटकरी घेतली. चंद्रकोर जशी फोटोत होती तशीच ठेवली.