या चुका टाळा : वहीच्या फोटोवरून चिन्हाची चूक शोधताना

पावसाळ्यात बस चुकली, की उसगाव आणि धारबांदोड्याकडची मुले फोंड्याला शिकवणीला न येता वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. जुलैमधल्या एका संध्याकाळी आलेल्या अशाच एका फोटोखाली आठवीतल्या मुलीने लिहिले होते, ‘‘टीचर, पुस्तकात उत्तर 2 आहे, माझे −1 येते. कुठे चुकले?’’ या लेखात त्याच एका उदाहरणाची तपासणी सविस्तर मांडत आहे, कारण तपासणाऱ्याकडून होणाऱ्या बहुतेक चुका त्यात एकत्र आल्या आहेत. फोटोत मला पुढील पाच ओळी दिसत होत्या.

```
(1)  5 - 3(2x - 4) = 2(x + 1) - 1
(2)  5 - 6x - 12 = 2x + 2 - 1
(3)  7 - 6x = 2x + 1
(4)  -8x = 8
(5)  x = -1
```

नजर लगेच तिसऱ्या ओळीवर जाते. 5 मधून 12 गेले तर −7 उरतात, इथे 7 लिहिले आहेत, म्हणजे चूक सापडली असे वाटते. याच क्षणी थांबायला हवे, कारण आपण फोटो पाहत आहोत, वही पाहत नाही. आखीव वहीत मुले पुष्कळदा अक्षर निळ्या रेषेला चिकटवून लिहितात आणि आडवे छोटे ऋण चिन्ह नेमके त्या रेषेवर पडले, तर फोटोत ते रेषेचाच भाग होऊन जाते. वहीच्या शिवणीजवळ पान वळते आणि तिथे सावली पडते, त्यामुळे उजव्या पानावरील ओळीच्या अगदी सुरुवातीचे चिन्ह सर्वांत आधी दिसेनासे होते. दमट हवेत सर्दावलेल्या कागदावर मागच्या पानाची शाई पुढे उमटते, तेव्हा उलटही घडते आणि नसलेले चिन्ह असल्यासारखे भासते.

अशा वेळी निर्णय पुढच्या ओळीवर सोपवावा. तिसऱ्या ओळीत खरोखरच 7 असते, तर 7 उजवीकडे नेल्यावर 1 − 7, म्हणजे −6 आले असते आणि चौथी ओळ −8x = −6 अशी झाली असती. मुलीने मात्र 8 लिहिले आहे आणि ते 1 + 7 मधूनच येऊ शकते. याचा अर्थ कागदावर −7 होते आणि तिने ते बरोबर पुढे नेले. मी तिला त्या ओळीचा जवळून, खिडकीपाशी धरून, पुन्हा फोटो काढायला सांगितला आणि तो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितला, कारण साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचित होतो आणि बारीक रेघा त्यातच पुसट होतात. ऋण चिन्ह निळ्या रेषेवर स्पष्ट होते. घाईने तिसऱ्या ओळीवर लाल वर्तुळ काढले असते, तर जी गोष्ट तिला नीट येत होती, तीच तिला येत नाही असे मी सांगितले असते.

म्हणून तपासण्याआधी ओळी स्वतःच्या कागदावर जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात आणि शंकास्पद चिन्हाभोवती टिंबांचे वर्तुळ काढावे. उतरवताना आपला हात नकळत दुरुस्ती करतो, ही दुसरी चूक. मनात पुढची योग्य पायरी तयार असल्यामुळे मुलीने −12 लिहिलेले असतानाही आपण +12 वाचून पुढे जातो आणि मग दोष भलत्याच ओळीत दिसू लागतो. पहिली ओळ पुस्तकातल्या प्रश्नाशी ताडून पाहणेही राहून जाता कामा नये, कारण प्रश्नच चुकीचा उतरवला असेल तर खालची सारी तपासणी व्यर्थ जाते.

आता मूळ चूक कुठे सुरू झाली ते पाहू. बहुतेक जण गणित स्वतः सोडवून दोन्ही रीती शेजारी ठेवतात, पण मुलाने वेगळ्या क्रमाने पायऱ्या घेतल्या असतील तर ओळीला ओळ जुळत नाही. त्यापेक्षा मुलीचे स्वतःचे, चुकलेले उत्तर हाती घ्यावे आणि खालून वर जावे. एकदा चूक झाल्यानंतरच्या सर्व ओळी बरोबर सोडवलेल्या असतील, तर ते उत्तर त्या सर्व ओळींना लागू पडतेच आणि चुकीच्या आधीच्या ओळीत मात्र लागू पडत नाही.

x = −1 ठेवू. चौथ्या ओळीत डावी बाजू 8, उजवी बाजू 8. तिसऱ्या ओळीत, ऋण चिन्ह धरून, −7 + 6 म्हणजे −1 आणि उजवीकडे −2 + 1 म्हणजे −1. दुसऱ्या ओळीत 5 + 6 − 12 म्हणजे −1 आणि उजवीकडे −2 + 2 − 1 म्हणजे पुन्हा −1. पहिल्या ओळीत मात्र कंसात −6 येतात, त्यामुळे डावी बाजू 5 + 18, म्हणजे 23 होते आणि उजवी बाजू −1 राहते. समतोल इथे मोडला, म्हणून चूक पहिल्या आणि दुसऱ्या ओळींच्या मध्ये आहे. तिथे पाहण्यासारख्या दोनच जागा उरतात. उजवा कंस बरोबर सुटला आहे. डाव्या कंसात −3 ने 2x ला गुणताना चिन्ह सोबत नेले गेले आणि −4 ला गुणताना फक्त 3 वापरला गेला. तिथे +12 हवे होते. ते ठेवले की 17 − 6x = 2x + 1 आणि त्यातून x = 2 मिळते.

या रीतीला मर्यादा आहे, आणि ती विसरणे ही तिसरी चूक. खालून वर जाताना सापडते ती शेवटची चूक. पहिली तिच्याही वर असू शकते. समजा, याच मुलीने चौथ्या ओळीवरून x = 1 लिहिले असते. मग 1 हे उत्तर चौथ्या ओळीतच बसत नाही. अशा वेळी त्या ओळीचे खरे उत्तर −1 काढून घ्यावे आणि तेच घेऊन वरची चढण पुढे चालू ठेवावी.

याहून फसवा प्रकार उत्तर बरोबर आल्यावर दिसतो. दुसऱ्या ओळीत −12 चुकून लिहिले आणि पुढे ते उजवीकडे नेताना चिन्ह न बदलता −12 च ठेवले, तर −8x = 1 − 5 − 12, म्हणजे −16 होते आणि x = 2 येते. उत्तर पुस्तकाशी जुळते, म्हणून बरोबरची खूण पडते आणि दोन चुका वहीत तशाच राहतात. 2 ही किंमत प्रत्येक ओळीत ठेवून पाहिली, तर पहिल्या ओळीत दोन्ही बाजू 5 येतात, पण दुसऱ्या ओळीत −19 आणि 5. त्यामुळे उत्तर जुळले तरी मधल्या ओळी तपासायच्याच.

फक्त कंस सोडवण्याची पायरी तपासायची असेल, तर कोणतीही एक संख्या दोन्ही रूपांत ठेवून चालते, पण ती 0 नसावी. 0 ठेवल्यावर x असलेली सर्व पदे नाहीशी होतात आणि −6x च्या जागी +6x असले तरी फरक कळत नाही. मी 2 किंवा 3 ठेवते.

मुलीला उत्तर पाठवताना मी दुसऱ्या ओळीतील −12 च्या चिन्हाभोवतीच वर्तुळ काढले आणि खालच्या तीन ओळींना बरोबरची खूण केली, कारण त्या तिच्या दुसऱ्या ओळीवरून योग्यच निघाल्या होत्या. मग निसटून झालेली चूक आणि न समजल्यामुळे झालेली चूक यांतला फरक कळावा म्हणून −2(5 − 3x) सोडवायला दिले. थोड्या वेळाने फोटो आला, त्यात −10 − 6x होते. वितरणात ऋण चिन्ह फक्त पहिल्या पदाला लावायचे असते, असा तिचा समज होता. दुसऱ्या दिवशी तिला कंसाबाहेरच्या −2 पासून आतल्या प्रत्येक पदाकडे एकेक बाण काढून, बाणावर चिन्हासकट गुणाकार लिहायला लावला. तिसऱ्या उदाहरणात तिने +6x लिहिण्याआधी स्वतःहून 2 ठेवून दोन्ही रूपे ताडून पाहिली.