सगळ्यांना दहापैकी दहा! सेफ्टी ट्रेनिंग तपासताना या चुका टाळा

गोव्यात वेर्णा-कुंडईच्या कुठल्याही कारखान्यात ट्रेनिंगची फाईल मागा. हजेरीच्या सह्या, फोटो, चहा-समोश्यांचं बिल आणि शेवटी चाचणीचे पेपर. सगळ्यांना दहापैकी दहा. असे पेपर दिसले की मी ती फाईल बाजूला ठेवून थेट मशीनपाशी जातो.

पहिली चूक तीच. ट्रेनिंग संपल्यावर लगेच, स्लाइडवरचेच प्रश्न विचारून घेतलेली चाचणी. पाच मिनिटांपूर्वी ऐकलेलं कुणालाही सांगता येतं, आणि शेजाऱ्याचा पेपरही दिसतो. एका कारखान्यात मेंटेनन्सच्या पोरांना लॉकआउट शिकवलं होतं, म्हणजे मशीन दुरुस्तीला घेण्याआधी वीज-हवा तोडून कुलूप लावायचं. पेपरात सगळे पास. पुढच्याच महिन्यात पॅकिंग मशीनवर एका फिटरचं बोट सिलिंडरखाली चेंगरलं. कुलूप लावलेलं होतं, टॅगवर नावही होतं. पण कॉम्प्रेस्ड हवेचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर पुढच्या पाइपात राहिलेली हवा कुणी सोडलीच नव्हती, आणि सुरू करायचं बटण दाबून मशीन खरंच मेलंय का, हेही पाहिलं नव्हतं. पेपरातला प्रश्न होता, ‘कुलूप कोणत्या रंगाचं असावं?’

म्हणून मी चाचणी तीनदा घेतो: ट्रेनिंगच्या आधी, लगेच नंतर आणि साधारण सहा आठवड्यांनी. आधीची नसेल तर वाढ कशाची मोजणार? प्रश्न त्यांच्याच मशीनच्या फोटोवर असतो: ‘बेल्ट बदलायचाय. कुठे-कुठे, कोणत्या क्रमाने बंद करशील आणि बंद झालं हे कसं ओळखशील?’ ओडिशा-झारखंडहून आलेल्यांना मी तोंडीच विचारतो, हिंदीत. नाहीतर आपण त्याची सेफ्टी नव्हे, इंग्रजी वाचन तपासतो. मोबाईलवर फॉर्म पाठवून संध्याकाळी रंगीत चार्ट काढणाऱ्या नव्या उत्साही मंडळींना हे सगळं फार संथ वाटतं. वाटू दे.

दुसरी चूक म्हणजे सांगून-सवरून पाहणी करणं. क्लिपबोर्ड घेतलेला साहेब दिसला की हेल्मेटचा पट्टा आपोआप आवळला जातो. वेगवेगळ्या पाळ्यांत जावं, रात्रपाळीलाही. ‘चांगलं काम करतात’ असं लिहून काही होत नाही. हो-नाही उत्तर येईल अशाच चार-पाच गोष्टी पाहाव्यात. हवा सोडली? गेज शून्यावर? बटण दाबून पाहिलं? किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात? वीस कामं पाहिली आणि तेरांमध्ये हवा सोडली, तर तेवढंच लिहायचं: वीसपैकी तेरा. ट्रेनिंगआधी हाच आकडा घेतलेला असला तरच तुलना होते. आणि मधूनमधून दोघांनी एकच काम वेगवेगळं टिपावं. दोघांची उत्तरं जुळत नसतील तर यादीतला प्रश्नच धूसर आहे.

आता अपघातांचा आकडा, माझा सगळ्यात नावडता विषय. समजा अडीचशे कामगार, महिन्याला पंचवीस दिवस, आठ तास. वर्षाचे सहा लाख तास होतात. गेल्या वर्षी सुट्टी घ्यावी लागेल असे 3 अपघात झाले, ट्रेनिंगनंतरच्या वर्षी 1. दर दहा लाख तासांमागे 5 वरून 1.7. मॅनेजमेंट खूश, पेढे वाटून मोकळी. पण जिथे वर्षाला सरासरी 3 अपघात होतात, तिथे काहीही न बदलता एखादं वर्ष 1 किंवा 0 चं येण्याची शक्यता पाचात एक असते. एवढ्या छोट्या आकड्यावरून ट्रेनिंगला श्रेय देता येत नाही, आणि दोषही. जुलैची तुलना जानेवारीशीही करू नका. आपल्याकडे पावसात लोडिंगचा रॅम्पच वेगळा असतो. जुलै जुलैशी लावा. चवथीच्या सुट्ट्यांत तास घटतात, म्हणून नुसते अपघात मोजू नका, तासांनी भागा.

त्याहून वाईट म्हणजे ‘इतके दिवस अपघातमुक्त’च्या पाटीला बोनस जोडणं. मग टाके पडलेला माणूसही दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये बसवला जातो आणि आकडा शून्य राहतो. खात्री करायची असेल तर प्रथमोपचाराचं रजिस्टर अपघाताच्या रजिस्टरशेजारी ठेवून तारखा जुळवा.

‘थोडक्यात वाचलो’च्या नोंदी ट्रेनिंगनंतर वाढल्या तर घाबरू नका. पहिले काही महिने त्या वाढायलाच हव्यात, कारण लोक आता बघायला आणि सांगायला लागलेत. त्या वाढल्या नाहीत, पाहणीतला आकडाही तेराचा तेराच राहिला आणि सहा आठवड्यांच्या चाचणीत उत्तरं मात्र बरोबर आली, तर पुन्हा ट्रेनिंग ठेवू नका. माणसाला येतंय, त्याला कुलूप मिळत नसेल, किंवा सुपरवायझर ‘पात्रांव, लाइन थांबलीय’ म्हणून मागे उभा असेल. आधी ते बघा.