सेटअपची संख्या की सेटअपचे तास? एबीसीचं गणित मला कुठे अडलं आणि कसं सुटलं

लातूरला बी.कॉम. करताना ओव्हरहेडचं गणित मला सगळ्यात सोपं वाटायचं. एकूण ओव्हरहेड घ्यायचे, एकूण मशीन अवर्सनी भागायचे, आलेला दर प्रत्येक प्रॉडक्टच्या तासांना लावायचा. दोन ओळींत उत्तर. पुढे कॉस्टिंगच्या इंटरची तयारी करताना अॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, म्हणजे एबीसी, आलं. तिथे प्रश्न पानभर लांब असतो, चार-पाच खर्च असतात आणि प्रत्येकाला वेगळा कॉस्ट ड्रायव्हर, म्हणजे तो खर्च ज्या मापाने वाटायचा ते माप, निवडावा लागतो. पहिल्या अटेम्प्टला माझा हाच प्रश्न चुकला. नेमका का चुकला, ते मला वाळूजच्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये अकाउंट्सला लागल्यावर कळलं.

परीक्षेतल्या प्रश्नासारखेच सोपे आकडे घेऊन सांगतो. शॉपमध्ये दोन जॉब आहेत. बुश वर्षाला २०,००० नग आणि स्पेशल पिन २,००० नग. दोन्हींना नगामागे अर्धा तास मशीन लागतं, म्हणजे बुशचे १०,००० आणि पिनचे १,००० तास. एकूण ओव्हरहेड ११ लाख रुपये. जुन्या पद्धतीने ११ लाख भागिले ११,००० तास, दर १०० रुपये तास. अर्धा तास म्हणजे नगामागे ५० रुपये, बुशला पण आणि पिनला पण.

मटेरियल आणि मजुरी मिळून बुशला १२० आणि पिनला १५० रुपये लागतात असं धरा. मग कॉस्ट झाली १७० आणि २००. त्यावर २० टक्के चढवले की भाव २०४ आणि २४० रुपये. कागदावर दोन्ही जॉब फायद्यात.

आता ११ लाखांच्या आत डोकावून बघू. मशीन चालवण्याचा खर्च, म्हणजे वीज, मेंटेनन्स, घसारा आणि शेडचं भाडं, ५,५०,००० रुपये. सेटअपचा, म्हणजे प्रत्येक बॅचआधी मशीन त्या जॉबसाठी लावून घेण्याचा खर्च २,४०,०००. इन्स्पेक्शन १,६०,०००. मालाची ऑर्डर देणं आणि आलेला माल उतरवून घेणं १,५०,०००. प्रश्नात पुढची माहिती साधारण अशी दिलेली असते:

| | बुश | पिन |
|---|---|---|
| उत्पादन (नग) | २०,००० | २,००० |
| बॅच साइज (नग) | १,००० | १०० |
| दर सेटअपला लागणारा वेळ | २ तास | ४ तास |
| दर बॅचला इन्स्पेक्शन | ५ | १५ |
| वर्षातल्या खरेदी ऑर्डर | ३० | २० |

इथे पहिला घोटाळा होतो. सेटअप किती झाले, हे प्रश्नात थेट लिहिलेलं नसतं. उत्पादनाला बॅच साइजने भागायचं असतं. बुश २०,००० भागिले १,००० म्हणजे २० बॅच, पिन २,००० भागिले १०० म्हणजे पण २० बॅच. पिनचं उत्पादन बुशच्या दहावा हिस्सा, तरी सेटअप दोघांचे सारखेच. या एका गोष्टीकडे नीट बघा, कारण जुनी पद्धत फसते ती इथेच. उत्पादन २,०५० नग असतं तर भागाकार साडेवीस आला असता, पण अर्धा सेटअप होत नाही, म्हणून २१ धरायचे. दुसरं, इन्स्पेक्शन ‘दर बॅचला’ दिलंय आणि ऑर्डर ‘वर्षातल्या’ दिल्या आहेत. इन्स्पेक्शनला २० ने गुणायचं, ऑर्डरला नाही. घाईत मुलं दोन्हींना गुणतात.

माझी चूक मात्र यातली नव्हती. बॅच मी बरोबर काढल्या होत्या. सेटअपच्या खर्चाला ड्रायव्हर म्हणून सेटअपची संख्या घेतली. एकूण ४० सेटअप, २,४०,००० भागिले ४०, दर ६,००० रुपये. बुशला १,२०,००० आणि पिनला पण १,२०,०००. शेवटी बेरीज ११ लाखांशी जुळली, तेव्हा उत्तर बरोबर आलं असं समजून मी पुढच्या प्रश्नाला लागलो.

बेरीज तर जुळणारच होती. ड्रायव्हर कुठलाही घ्या, अगदी नगांवर वाटा, बेरीज ११ लाखच येते. बेरीज जुळली म्हणजे गुणाकार-भागाकार बरोबर आहेत, एवढंच कळतं. ड्रायव्हर बरोबर आहे का, हे ती सांगत नाही.

ते मला शॉपमधल्या सेटरमामांनी सांगितलं. महिन्याचा सेटअपचा तक्ता भरून घ्यायला मी खाली गेलो होतो. मी म्हणालो, “मामा, बुशचे दोन अन् पिनचे दोन, चार सेटअप लिहितो.” ते म्हणाले, “लिहा की साहेब. पण बुशचा सेटअप अन् पिनचा सेटअप एकच हाय का? बुशला जॉज तेच राहतेत, टूल बदलला की झालं. पिनला जॉज काढा, नवे बसवा, बोअर करून घ्या, ऑफसेट टाका. पहिला पीस एकदाच पास होत नाही, तीन-चार भंगारात जातेत. चार तास कुठं गेले कळत नाही.”

मी त्या दिवशी तिथेच थांबून बघितलं. बुशच्या सेटअपला चक तसाच होता, फक्त इन्सर्ट आणि प्रोग्राम बदलला. पिनच्या वेळी मशीन पूर्ण बंद, मामा चकमध्ये डोकं घालून, शेजारी मायक्रोमीटर. सेटअपचा खर्च म्हणजे नेमकं काय, ते समोर दिसत होतं. सेटरचा पगार, बंद मशीनचा वेळ, वाया गेलेले ट्रायल पीस. या तिन्ही गोष्टी सेटअप किती वेळा झाला यापेक्षा तो किती वेळ चालला यावर ठरतात. म्हणजे ड्रायव्हर हवा सेटअपचे तास.

बुश २० गुणिले २ म्हणजे ४० तास, पिन २० गुणिले ४ म्हणजे ८० तास, एकूण १२० तास. दर २,००० रुपये तास. बुशला ८०,००० रुपये, नगामागे ४. पिनला १,६०,०००, नगामागे ८०. माझ्या चुकीच्या पद्धतीने हेच आकडे ६ आणि ६० आले होते.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारून ड्रायव्हर निवडतो: हा खर्च वाढतो तेव्हा नेमकं काय वाढलेलं असतं? प्रत्येक वेळचं काम सारखंच असेल तर संख्या पुरते. खरेदी ऑर्डर बुशची असो की पिनची, कागद तोच, फोन तोच, माल उतरवणं तेच, म्हणून तिथे ऑर्डरची संख्या चालते. काम कमी-जास्त वेळ खात असेल तर तास घ्यायचे. प्रश्नात ‘दर सेटअपला लागणारा वेळ’ दिलेला असेल आणि तो दोन प्रॉडक्टना वेगळा असेल, तर पेपर काढणाऱ्याने तो उगाच दिलेला नसतो. वेळ सारखा असेल तर संख्या घ्या की तास, उत्तर एकच येतं.

उरलेलं पटकन. इन्स्पेक्शन बुशचे १०० आणि पिनचे ३००, दर ४०० रुपये, नगामागे २ आणि ६०. ऑर्डर एकूण ५०, दर ३,००० रुपये, नगामागे साडेचार आणि ३०. मशीनचे साडेपाच लाख भागिले ११,००० तास, दर ५० रुपये, दोघांना नगामागे २५. यात शेडचं भाडं मशीन अवर्सवर वाटलं गेलं, ते मला मनापासून पटत नाही. भाड्याला खरा ड्रायव्हर नसतो, पिन बंद केली तरी मालक तेवढंच भाडं भरतो. पण प्रश्नात ते मशीनच्या पूलमध्ये दिलं असेल तर तिथेच ठेवा.

एकूण ओव्हरहेड बुशला नगामागे ३५.५० आणि पिनला १९५. पडताळा: २०,००० गुणिले ३५.५० म्हणजे ७,१०,००० आणि २,००० गुणिले १९५ म्हणजे ३,९०,०००, मिळून ११ लाख. बुशची कॉस्ट १७० नाही तर १५५.५०, आणि पिनची २०० नाही तर ३४५. पिन विकली जात होती २४० ला. एबीसीच्या हिशोबाने नगामागे १०५ रुपये तोटा, वर्षाला २,१०,०००.

१९८० च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी दाखवलेला मुद्दा हाच होता: मोठ्या संख्येचं प्रॉडक्ट छोट्या संख्येच्या प्रॉडक्टचा खर्च पोसत राहतं. सगळीकडे मात्र हे होत नाही. माझे काका लातूरच्या डाळमिलमध्ये हिशोब बघतात. तिथे वर्षभर एकच तूरडाळ, एकाच ५० किलोच्या कट्ट्यात निघत असेल, तर ओव्हरहेड क्विंटलवर वाटले तरी काही बिघडत नाही, एबीसीची मेहनत वाया जाईल. त्याच मिलने अर्ध्या किलोची पाकिटं सुरू केली, की पॅकिंगचा खर्च क्विंटलमागे धावत नाही, पाकिटांमागे धावतो. तिथे ड्रायव्हर बदलावा लागेल.

पिनचा तोटा दिसल्यावर लगेच ‘पिन बंद करा’ असं उत्तरात लिहू नका. पिन बंद केली तर भाडं आणि घसारा थांबणार नाहीत, ते बुशवर येऊन पडतील. शॉपमध्ये मालकाने आधी लॉट बदलला, पिन १०० ऐवजी २०० च्या लॉटमध्ये घेतली. सेटअप २० चे १० झाले, तास ८० चे ४०.

मी खूश होऊन लिहिलं, ४० तास गुणिले २,००० रुपये, ८०,००० वाचले. मालकाने तो कागद परत केला. सेटरचा पगार तेवढाच होता, २,४०,००० चा पूल जवळपास तसाच राहिला. फक्त तास १२० वरून ८० झाले, म्हणजे दर २,००० वरून ३,००० झाला. पिनचं सेटअप नगामागे ८० वरून ६० आलं, आणि बुशचं ४ वरून ६ झालं. वाचलं काहीच नव्हतं, खर्च इकडून तिकडे गेला होता. वाया जाणारे ट्रायल पीस अर्ध्यावर आले, तेवढी बचत खरी होती. बाकीची खरी झाली ती तीन महिन्यांनी, जेव्हा सुटलेल्या तासांत मामांनी तिसऱ्या जॉबचे सेटअप घेतले आणि त्याच पगारात नवं बिल निघालं.