आजी ‘मी गेलो’ म्हणते, तिथं ‘मी गेले’ लिहू नका: रेकॉर्डिंगवरून घरची गोष्ट लिहिताना होणाऱ्या चुका

आमच्या आजीशी मारलेल्या गप्पांचं पावणेदोन तासांचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये होतं. त्यावरून मी पहिल्यांदा जे लिहिलं, ते वाचून धाकटी आत्या म्हणाली, “छान आहे गं, पण ही बाई कोण?” चुका माझ्याच होत्या, त्यामुळे त्या नीट सांगता येतील.

पहिली चूक म्हणजे मी ऐकत ऐकत थेट गोष्टच लिहायला बसले. आधी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, अडखळणं, खोकला, अर्धी सोडलेली वाक्यं सगळं, हे काम मला कंटाळवाणं वाटलं. कंटाळवाणं आहेच. पुढे ते केलं तेव्हा एका तासाच्या बोलण्याला मला साडेपाच तास लागले. पण ते केल्याशिवाय आपण काय गाळलं हे आपल्यालाच कळत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी समासात वेळ टाकून ठेवा, म्हणजे शंका आली की तेवढाच तुकडा परत ऐकता येतो.

आता गुऱ्हाळाचा प्रसंग बघा. आजी नवी सून होती तेव्हाचा. रेकॉर्डिंगमध्ये तो असा आहे:

“मग काय, मी गेलो की गुऱ्हाळावर. सासूबाई म्हनल्या, जा, भाकरी द्यून ये. गेलो. तर तितं त्यो गुळव्या हुता, काय त्येचं नाव… असू दे. त्यो म्हनला, वैनी, हितं थांबू नगा, काईल उतरायची वेळ झालीया. मी थांबलो. मला बगायचंच हुतं. बगायचंच हुतं मला.”

आणि मी लिहिलं होतं: “एकदा सासूबाईंनी मला गुऱ्हाळावर भाकरी पोहोचवण्यास पाठवले. तेथील गुळव्याने मला काहिलीपासून दूर राहण्यास सांगितले. परंतु गूळ कसा तयार होतो हे पाहण्याची मला उत्सुकता होती.”

माहिती सगळी आली, आजी मात्र गेली. कुठे गेली ते शोधायला मला बराच वेळ लागला. शब्द शुद्ध केल्यामुळे ती गेली असं मला आधी वाटलं. खरं नुकसान दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे आजी माणसांना बोलायला लावते. सासूबाई बोलतात, गुळव्या बोलतो. मी ते सगळं ‘सांगितले’, ‘पाठवले’ यांत गुंडाळलं. सांगणाऱ्याच्या तोंडचे संवाद मोडून त्यांचा वृत्तांत केला की गोष्ट सरकारी होते. दुसरं म्हणजे ‘बगायचंच हुतं मला’ हे तिनं दोनदा म्हटलंय, आणि दुसऱ्यांदा शब्द फिरवून. ते मी पुनरुक्ती म्हणून काढलं. ‘मग काय’, ‘आनी मग’ असली पालुपदं चारातली तीन काढली तरी चालतात, कारण ती श्वास घ्यायला असतात. पण पूर्ण वाक्य परत आलं, तर कात्री लावण्याआधी तो तुकडा ऐका. आवाज खाली गेला असेल किंवा सावकाश झाला असेल, तर ते वाक्य दोनदाच राहू द्या.

आणि ‘मी गेलो’. आमच्याकडं कोल्हापुरात बायका ‘मी आलो’, ‘मी जेवतो’ असंच म्हणतात. मी स्वतः घरी ‘आलो’ म्हणते आणि पुण्यातल्या ऑफिसात ‘आले’. लिहिताना माझा ऑफिसातला हात आपोआप चालला आणि आजीची सगळी क्रियापदं दुरुस्त करत सुटला. बाहेरगावच्या वाचकाला ते खटकेल असं वाटत असेल, तर सुरुवातीला एक ओळ लिहून टाका. पण पन्नास वर्षं ‘गेलो’ म्हणणाऱ्या बाईला ‘गेले’ म्हणायला लावू नका.

आत्याचा शेरा ऐकून मी उलट्या टोकाला गेले. प्रत्येक उच्चार जसा ऐकू येईल तसा लिहिला. पानभर ‘म्हनल्या, त्येचं, द्यून, आनी, पानी’. या खेपेला आत्या चिडली. “गावंढळ करून ठेवलीस होय आमच्या आईला?” तिचंही बरोबर होतं. बोलताना जे कानाला गोड लागतं, ते कागदावर डोळ्याला अडखळवतं, आणि वाचणारा माणूस आजीला सोडून तिच्या उच्चारांना हसायला लागतो. म्हणून मी एक रेघ मारून घेतली: व्याकरण आणि शब्द आजीचे, नुसता उच्चार प्रमाण. ‘म्हनल्या’चं ‘म्हणल्या’ केलं, ‘बगायचंच’चं ‘बघायचंच’, ‘त्येचं’चं ‘त्याचं’. पण ‘गेलो’, ‘हितं’, ‘नगा’, ‘काईल’, ‘झालीया’, ‘वैनी’, ‘लई’ आणि वाक्याच्या मध्ये येणारा तो ‘की’ तसाच ठेवला. उतारा असा झाला:

“मी गेलो की गुऱ्हाळावर. सासूबाई म्हणल्या, जा, भाकरी देऊन ये. गेलो. तर तिथं तो गुळव्या होता. तो म्हणला, वैनी, हितं थांबू नगा, काईल उतरायची वेळ झालीया. मी थांबलो. मला बघायचंच होतं. बघायचंच होतं मला.”

तुमची रेघ वेगळी असू शकते. फक्त पहिल्या पानावर ठरवलेली शेवटच्या पानापर्यंत पाळा, आणि काय ठेवलं, काय बदललं याची यादी एका चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवा. मी चिकटवली नव्हती. आठव्या पानावर आजी परत ‘गेले’ म्हणायला लागली होती.

यापेक्षा वाईट चूक सहज लपते. मी विचारलं होतं, “आजी, भीती वाटली असेल ना खूप?” ती म्हणाली, “व्हय.” आणि मी तिच्या तोंडी लिहिलं, “मला खूप भीती वाटली.” हे शब्द माझे होते, तिनं फक्त होकार दिला होता. उतरवलेल्या मजकुरात आपले प्रश्न वेगळ्या रंगात ठेवा आणि त्या रंगातला एकही शब्द तिच्या वाक्यात जाऊ देऊ नका. प्रश्न गोष्टीत ठेवा, नाहीतर दोन्ही गाळा. तसंच ‘काईल एवढी’ म्हणताना तिनं हात किती पसरले, हे रेकॉर्डिंगला कधीच कळणार नाही. ते त्याच रात्री कंसात लिहून ठेवावं लागतं.

सालांचा घोळ हमखास होतो. आजी सांगते की भूकंपात सासूबाईंनी तिला हाताला धरून बाहेर ओढलं. कोयनेचा मोठा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. पत्रिकेवर लग्न मे 1968 चं. म्हणजे त्या पहाटे ती माहेरी होती. मी तिच्या वाक्यातून भूकंपच काढायला निघाले होते. आधी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मग तो दुसरा असंल. धक्के काय एकदाच बसलं व्हय?” खरंच, कोयनेचे हादरे पुढे कित्येक वर्षं बसत राहिले. तिचं वाक्य तसंच ठेवलं आणि दोन्ही तारखा खाली माझ्या नावानं, वेगळ्या टाइपात दिल्या. तिच्या तोंडात ‘11 डिसेंबर 1967’ घातलं असतं, तर ते कुणालाच खरं वाटलं नसतं.

शेवटी ते तिला वाचून दाखवा, मोठ्यानं. छापलेलं हातात देऊ नका, चश्मा शोधण्यातच वेळ जातो. आणि वाचताना तिच्या चेहऱ्याकडं बघा. जिथं ती तुमच्या आधी पुढचं वाक्य म्हणते, तिथं जमलंय. जिथं नुसती ‘हं’ म्हणते, ते वाक्य बहुतेक तुमचं असतं. मला अशी सहा सापडली. गुऱ्हाळाशी आल्यावर तिनं मध्येच थांबवून गुळव्याचं नाव सांगितलं, तेही घातलं. मग जावेच्या भांडणाचा भाग आला. ती म्हणाली, “ते काढ. ती अजून हाय.”

काढलं. रेकॉर्डिंगमधून नाही, गोष्टीतून.