सूर्य बुडाला म्हणजे अंधार झाला नाही: आकाश बघताना या चुका टाळा

डिसेंबरात मेळघाटात तारे बघायला किंवा फोटो काढायला जाणारे बहुतेक जण एकच हिशोब करतात: सूर्यास्त पावणेसहाला, म्हणजे सव्वासहाला कॅमेरा लावू. मग फोटो निळसर येतात, आकाशगंगा पुसट दिसते आणि दोष कॅमेऱ्याला जातो. खरं तर तेव्हा सूर्य क्षितिजाखाली जेमतेम आठ-साडेआठ अंश गेलेला असतो. पूर्ण अंधाराला अठरा अंश लागतात.

चिखलदऱ्याची 14 डिसेंबरची संध्याकाळ घ्या. सूर्यास्त साधारण 5:41 ला. सूर्य 6 अंश खाली जातो 6:05 ला. इथे नागरी संधिप्रकाश संपतो. तोवर बाहेर दिव्याशिवाय कामं करता येतात. 12 अंश होतात 6:33 ला. हा नाविक संधिप्रकाशाचा शेवट. समुद्रावर ताऱ्यांची उंची मोजायला तारे आणि क्षितिजरेषा दोन्ही एकदम दिसावी लागतात, ती सोय इथवरच, म्हणून हे नाव. 18 अंशांचा खगोलीय संधिप्रकाश संपतो 7:00 ला. म्हणजे सूर्यास्तानंतर तब्बल 79 मिनिटं. मार्चच्या विषुवदिनी हाच वेळ 74 मिनिटं, तर जूनमध्ये 85 च्या आसपास.

इतका वेळ का? सूर्य आपल्यासाठी बुडाला तरी आपल्या डोक्यावरच्या उंच हवेवर त्याचं ऊन पडतच असतं आणि ती हवा ते खाली विखुरते. सूर्य 6 अंश खाली असताना बरोबर डोक्यावर पृथ्वीची सावली सुमारे 35 किलोमीटरपर्यंत चढलेली असते. 12 अंशांना ती 140 च्या पुढे जाते आणि 18 अंशांना 300 च्याही वर. तिथली हवा इतकी विरळ, की तिच्याकडून येणारा उजेड आकाशाच्या स्वतःच्या मंद प्रकाशात हरवून जातो.

डोंगराआडचा सूर्यास्त धरणे

सर्वात जास्त घोळ इथे होतो. सेमाडोहसारख्या दरीतल्या गावात सूर्य क्षितिजावर पोचण्याआधीच डोंगरामागे जातो. तिथून 79 मिनिटं मोजली तर हिशोब चुकणारच. हात पुढे ताणून मधली तीन बोटं आडवी धरा: ती साधारण 5 अंश झाकतात. पश्चिमेचा डोंगर तेवढा उंच असेल तर डिसेंबरात सूर्य जवळपास 25 मिनिटं आधी दिसेनासा होतो. त्यामुळे घड्याळ पंचांगातल्या किंवा ॲपमधल्या वेळेवरून लावा, डोंगरावरून नाही.

दुसऱ्या गावची वेळ वापरणे

रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं. बुलडाणा आणि गडचिरोली यांच्यात जवळपास चार अंशांचं अंतर, म्हणजे पाव तासाचा फरक. मुंबईची वेळ गोंदियात वापरली तर अर्ध्या तासाच्या घरात चूक. ॲपमध्ये आधी ठिकाण तपासा. शिवाय नुसतं "Dusk" लिहिलेलं असेल तर ते बहुधा 6 अंशांचं असतं. आपल्याला हवी ती "Astronomical dusk" ची ओळ.

सात वाजले तरी पश्चिमेला उजेड आहे, मग?

हा उजेड संधिप्रकाशाचा की गावांच्या दिव्यांचा, हे डोळ्यांनी ठरवू नका, कारण डोळे सतत जुळवून घेत राहतात. मोबाईल तिपाईवर ठेवा, प्रो मोडमध्ये ISO 1600, शटर 10 सेकंद, व्हाइट बॅलन्स आणि फोकस पक्के करा. पश्चिमेचा एकच भाग धरून दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्या. फोटो दर खेपेला काळवंडत असतील तर संधिप्रकाश अजून आहे. लागोपाठचे दोन-तीन फोटो सारखेच आले तर उरलेली झळाळी दिव्यांची. चिखलदऱ्यावरून आग्नेयेला परतवाडा-अचलपूरकडचा उजेड असाच रात्रभर जागेवर राहतो. त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, कॅमेरा उत्तरेला वळवा. धुकं किंवा धुरळा असेल तर हाच उजेड आणखी वर चढतो.

कॅमेरा नसेल तर देवयानी दीर्घिका शोधा. त्या तारखेला सातच्या सुमारास ती डोक्याच्या जरा उत्तरेला असते. साध्या डोळ्यांनी तिचा लांबट धूसर डाग दिसला तर आकाश कामाचं झालं. साडेसहाला तो दिसत नाही, म्हणून निराश होऊन परत फिरू नका. मात्र पाहण्याआधी वीस-तीस मिनिटं पांढरी बॅटरी आणि मोबाईलचा पडदा बंद हवा, नाहीतर अंधार पूर्ण असूनही डाग सापडणार नाही.

चंद्र या सगळ्या हिशोबाबाहेर आहे. खगोलीय संधिप्रकाश संपल्याची वेळ फक्त सूर्याबद्दल सांगते, त्यामुळे चंद्राच्या उदयास्ताची वेळ वेगळी बघावी लागते.

पहाटे हाच क्रम उलटा. त्याच तारखेला चिखलदऱ्यात सूर्योदय 6:50 च्या सुमारास, पण आकाश उजळायला लागतं 5:31 पासूनच. पहाटेचे फोटो घ्यायचे असतील तर शेवटचा लांब एक्स्पोजर साडेपाचच्या आत संपवा.