दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी ठणका लागला? ड्राय सॉकेट कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

आमच्या मावसभावाने सोमवारी खालची अक्कलदाढ काढली, मंगळवारी एकदम मस्त होता, पेज वगैरे खाल्ली आणि रात्री गुपचूप दोन सिगरेटी ओढल्या. गुरुवारी पहाटे असा ठणका की कान आणि कानशील पण दुखायला लागलं, गोळी घेतली तरी दोन तासांत परत तेच.

आधी दुखणं कोणत्या दिशेने चाललंय ते बघा. साधं दुखणं रोज थोडं थोडं कमी होत जातं, ड्राय सॉकेटमध्ये आधी बरं वाटतं आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसात अचानक वाढतं. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली किंवा विरघळली की खालचं हाड उघडं पडतं, म्हणून.

मग टॉर्च घेऊन आरशात बघा. खड्डा रिकामा, आत राखाडी हाड दिसतंय, तोंडाला घाण वास आणि चव येतेय, तर बहुतेक तेच. पण नुसता पांढरट पिवळट थर दिसला आणि दुखणं कमी होतंय तर ती जखम भरतेय, काडीने कोरू नका प्लीज. ताप, पू, वाढती सूज किंवा गिळायला त्रास असेल तर तो इन्फेक्शनचा प्रकार असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जास्त धोका कोणाला? खालची अक्कलदाढ, तीही हाड कापून काढलेली, सिगरेट बिडी ओढणारे, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायका, आणि ज्यांना आधी एकदा झालंय ते. तंबाखू मिश्रीवाल्यांनी पण जखम भरेपर्यंत लांबच राहावं. पहिले २४ तास जोरात चूळ भरणं, थुंकणं आणि स्ट्रॉने पिणं बंद, मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

झालंच तर घरी लवंग तेल ओतत बसू नका, उघड्या जखमेला ते भाजतं. डेंटिस्टला फोन करा. भावाच्या वेळी डॉक्टरांनी सलाईनने खड्डा धुतला, अडकलेले अन्नाचे कण काढले आणि लवंगेच्या वासाची औषधी पट्टी आत ठेवली, नवीन गुठळी यावी म्हणून खरवडलं वगैरे नाही. पंधरा-वीस मिनिटांत चेहरा सैल झाला त्याचा! आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दिल्या (अल्सर, किडनीचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको), अँटिबायोटिक नाही, कारण हे मुळात इन्फेक्शन नसतं, त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच कोर्स आणून उपयोग नाही.

पट्टी दर एक-दोन दिवसांनी बदलायला जावं लागलं, एकूण तीनदा. बहुतेकांचं हे दुखणं आठवडा-दहा दिवसांत थांबतं, त्याचं नवव्या दिवशी थांबलं, भाकरी मात्र अजून दुसऱ्याच बाजूने चावतोय.